उंबऱ्यापर्यंतचं रेकॉर्डिंग

आमच्या प्रांजलला 'नाही' म्हणता येत नाही. तिच्याबद्दल बाकी कुठलीही काळजी मी दिवसभरात बाजूला सारू शकते. ती स्कूटी जोरात चालवते, डबा अर्धा परत आणते, केस ओले ठेवून झोपते. पण ही एक काळजी काही केल्या जात नाही. ती इस्लामपूरला कॉलेजात असताना एसटीत आधी जागा धरायची आणि मग दुसऱ्याच कुणाला तरी बसवून स्वतः उभी यायची. एकदा मी विचारलं, "रोज तूच का गं?" तर म्हणाली, "आई, त्यांनी मागितली ना जागा." मागितली की दिली. एवढाच तिचा हिशोब.

आता ती चोवीस वर्षांची आहे. कुपवाडच्या एमआयडीसीत एका छोट्या कारखान्यात क्वालिटीला आहे. कास्टिंगवर मशिनिंग झालं की माप घ्यायचं, बसत नसेल तर बाजूला काढायचं. म्हणजे दिवसभर 'हे चालणार नाही' म्हणण्याचाच पगार घेते. मशीनवरची माणसं तिला घाबरतात, असं तिची मैत्रीण साक्षी सांगते. माझा विश्वास बसत नाही.

इतके दिवस ती हॉस्टेलवर होती. ते या तीस तारखेला बंद होतंय. जवळच आकारामतात्यांची माडीवरची खोली मिळाली. तात्या फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त झालेले, बायको बनाबाई, खाली दोघंच राहतात. गेल्या रविवारी प्रांजल एकटी जाऊन सगळं ठरवून आली. मी येते म्हटलं तर म्हणाली, "तू आलीस की तू बोलणार आणि मी चहा पिणार. नको." पण बोलणं मोबाईलवर घेतलं आणि मला पाठवलं. "आई, तुझं लिहिणं चांगलं. यातलं ठरलेलं तेवढं एका कागदावर काढून दे. तात्यांना दाखवते, त्यांनी हो म्हटलं की तोच कागद एजंटाकडे देऊ. तो भाडेकरार नोंदवेल."

एकेचाळीस मिनिटांचं रेकॉर्डिंग. सुरुवातीलाच प्रांजल विचारते, "तात्या, फोन चालू ठेवू का? नंतर विसरायला होतं."

"ठेव की. फौजेत पान हललं तरी रिपोर्ट लिवावा लागायचा. आमाला सवय हाय."

मला तात्या तिथंच आवडले.

मी वही घेऊन बसले. बी.ए.ला होते तेव्हा सारांशलेखनात मला वर्गात सगळ्यात जास्त गुण असत, त्याचा अभिमान अजून आहे. पण हे वेगळं होतं. माणसं ओळीनं बोलत नाहीत. भाड्याचं बोलता बोलता तात्या कारगिलला जाऊन येतात, बनाबाई मध्येच विचारतात, "तू कडेगावची का गं? तितं माझी नणंद दिलीया." मी तीनदा थांबवून थांबवून ऐकलं. तात्यांनी आधी साडेसहा हजार सांगितले, मग बनाबाई म्हणाल्या, "आवं, एकटी पोर हाय," मग सहा झाले. मी कागदावर सहाच लिहिले. आधीचा आकडा लिहायचं कारण नाही, ठरला तो लिहायचा. पाच तारखेच्या आत भाडं, लाईटबिल वेगळ्या मीटरप्रमाणे, पाणी भाड्यात. अनामत वीस हजार. न्हाणीघराची गळती आणि खिडकीची जाळी तात्या प्रांजल राहायला येण्याआधी करून देणार. नळाचा वायसर, दिवा असलं किरकोळ ती करणार. मोटर बिघडली तर तात्या.

गच्चीवर कपडे वाळत घालायला दोरी बांधण्यावरही बोलणं झालं होतं, पण कुठं बांधायची हे ठरलंच नाही. ते मी खाली वेगळं लिहिलं: 'बोलणं झालं, ठरलं नाही.' मला वाटतं, असल्या कागदात खरी मेहनत हीच असते. न ठरलेलं ठरलेल्यात घुसू द्यायचं नाही. एक वाक्य तर मी चक्क स्वतःचं घुसवलं होतं. 'मुलगी एकटी राहत असल्याने मालकांनी तिच्याकडे लक्ष ठेवावे.' लिहून झाल्यावर वाचलं आणि खोडलं. हे कुणीच म्हणालं नव्हतं. फक्त माझ्या मनात होतं.

खोली सोडण्याबद्दल एकोणिसाव्या मिनिटाला तात्या स्वच्छ बोललेत. "अकरा म्हैनं बिनघोर ऱ्हा. मधी कोण उठवत न्हाई तुला. तुला सोडायची झाली तर म्हैनाभर आधी सांग." प्रांजल म्हणते, "चालेल तात्या." मी लिहिलं: 'अकरा महिने पूर्ण होईपर्यंत मालक खोली रिकामी करण्यास सांगणार नाहीत. भाडेकरूस मध्येच सोडायची असल्यास ती एक महिना आधी कळवेल.' तिसाव्या मिनिटाला कपबश्या वाजल्या. पुढं बनाबाईंचा आवाज, साखरेचं, कुणाच्या तरी गुडघ्याचं. मी रेकॉर्डिंग बंद केलं. कामाचं संपलं होतं. सुवाच्य अक्षरात एक पान उतरवलं, फोटो काढला आणि पाठवून दिला.

प्रांजलनं कामाच्या गडबडीत तो न वाचताच तात्यांना पुढं पाठवला. आईनं लिहिलंय, वाचायचं काय त्यात.

आज संध्याकाळी तात्यांचा तिला फोन आला. ते कधी आवाज चढवत नाहीत म्हणे. आजही चढवला नाही. "पोरी, अक्षर लय देखणं हाय. पर ह्ये माझं बोलणं न्हाई. सोयीचं तेवढं लिवलंस आन् आमच्या गरजेचं गाळलंस. मी तुला साधी समजलो हुतो. सही न्हाई करायची मला. खोली दुसऱ्याला दावतो."

नऊ वाजता प्रांजलनं मला हे सांगितलं. तीस तारखेला पाच दिवस राहिलेत. तिचा आवाज कोरडा होता. तिनं एकच विचारलं, "आई, तू शेवटपर्यंत ऐकलंस ना?"

"ऐकलं की. सगळं ऐकलं."

का खोटं बोलले, देव जाणे. चाळीस मिनिटं ऐकायचं काम दिलं होतं आणि मी ते नीट केलं नाही, हे पोरीसमोर कबूल करायला जीभ वळली नाही. ती पलीकडं जरा गप्प राहिली. मग म्हणाली, "बरं. मग माझंच काही तरी राहिलं असेल. उद्या कामावर जायच्या आधी तात्यांना भेटते. माझी चूक झाली म्हणून सांगते. तू झोप."

झोप कसली. हे घोरायला लागल्यावर मी कानात इयरफोन घातले आणि तिसाव्या मिनिटापासून पुढं ऐकलं.

साखर, गुडघा, कडेगावची नणंद. सदतिसाव्या मिनिटाला खुर्ची सरकल्याचा आवाज. प्रांजल म्हणते, "निघते तात्या." पावलं. मग चपला शोधल्याचा आवाज, आणि मग तात्या, अगदी हळू, जवळून.

"पोरी, आता जाताना सांगतो. मघाशी अकरा म्हैनं म्हणलो खरं. पर आमचा पोरगा वीरधवल मे मधी फौजेतनं सुटून येतोय. आला की खोली त्याला लागंल. दोन म्हैनं आधी सांगीन तुला. चालंल का?"

मी वहीवर हात ठेवून बसले. आमच्याकडं खरं बोलणं बैठकीत होतच नाही. बैठकीत मान राखायचा असतो. जे बोलायला जड जातं ते माणूस उंबऱ्यावर, चपला घालताना बोलतो, कारण तिथं नाही म्हटलं तरी कुणाचं तोंड पडत नाही. माझ्या लग्नाची तारीखसुद्धा सासऱ्यांनी उंबऱ्यावरच पक्की केली, आत तासभर नुसतं ऊस आणि तोडणीच्या टोळीवर बोलून झाल्यावर. हे सगळं मला माहीत आहे. तरी चहा आला आणि मी वही मिटली. कागद करायला बसले आणि गावची माणसं कशी बोलतात तेच विसरले.

आणि मग माझी प्रांजल बोलली. मी तिचा हा आवाज कधी ऐकला नव्हता.

"दोन महिने चालतील तात्या. पण मग तसं मध्येच निघावं लागलं तर अनामत खोली सोडायच्या दिवशीच पूर्ण द्यायची. रंगाचे पैसे कापायचे नाहीत. मी अकरा महिने पुरे राहणारच नाही, मग रंग माझ्यावर का?"

तात्या हसले. "आगं, तू तर आमच्या सीओसायबावानी बोलतीस."

"नाही म्हणताय का?"

"न्हाई कसं म्हणतो? त्याच दिशी देतो. रंग न्हाई कापत. पर भिंतीला खिळं ठोकू नगं."

"दोन ठोकणार. आरसा आणि कॅलेंडर. तिसरा ठोकला तर माझा खर्च."

"दोन. ठरलं."

मग बनाबाई, लांबून: "आवं, घरी ठाव हाय का तिच्या, मे पतूर म्हणून? तिची आई काळजी करंल."

"आईलाच पाठवणार आहे हे रेकॉर्डिंग," प्रांजल म्हणाली. "मी सांगितलं तर ती घाबरेल. ऐकेल तेव्हा तिला कळेल की मी नीट बोलले. ती शेवटपर्यंत ऐकते सगळं."

तिथं रेकॉर्डिंग संपलं.

ती शेवटपर्यंत ऐकते सगळं. आणि नऊ वाजता मी खोटं बोलले तेव्हा ती जी गप्प राहिली, त्याचा अर्थ मला आता लागला. तिला कळलं होतं. तरी चूक तिनं स्वतःकडं घेतली. म्हणजे पाहा, तिला 'नाही' म्हणता येतं. फक्त माझ्यापुढं म्हणत नाही.

मी पान फाडलं नाही. फाडलेलं पान लपवल्यासारखं दिसतं. त्याच्याखाली तारीख घालून लिहिलं, 'वरील खोली सोडण्याची अट चुकीची आहे. त्याऐवजी:' आणि मग सदतिसाव्या मिनिटापासून जे ठरलं ते, एकेक. वीरधवल आल्यास मालक दोन महिने आधी कळवतील. भाडेकरू पूर्वी ठरल्याप्रमाणे एक महिना आधी. अनामत सोडायच्या दिवशी पूर्ण. रंगाची कपात नाही. खिळे दोन. पानाच्या तळाशी लिहिलं, 'हा कागद भाडेकरूच्या आईने रेकॉर्डिंग ऐकून लिहिला. पहिल्या वेळी तिने शेवट ऐकला नव्हता. भाडेकरूने काहीही गाळलेले नाही.' ही ओळ एजंटाच्या उपयोगाची नाही. तात्यांसाठी आहे.

मग सगळं रेकॉर्डिंग पुन्हा पहिल्यापासून ऐकलं, कपबश्यांसकट, गुडघ्यासकट, आणि एकेका अटीपुढं मिनिट लिहिलं. तात्यांना हवं असेल तर ऐकून पडताळता येईल.

यांची झोप मोडली. "आगं, आजून बसलीयास? काळजी करायचा पगार मिळतो का तुला?"

"झालं," म्हटलं.

आता दोन वाजलेत. प्रांजल साडेसातला तात्यांच्या दारात उभी राहील आणि माझी चूक स्वतःची म्हणून सांगेल, तेही अगदी पटेल असं. फौजेतला माणूस पाचला उठतो. तात्यांचा नंबर रेकॉर्डिंगच्या दुसऱ्या मिनिटाला आहे, बनाबाईंनी तो प्रांजलला आकडा आकडा करून सांगितलाय, तो मी वहीच्या कोपऱ्यात उतरवून घेतला. साडेपाचला, ती अंथरुणातून उठायच्या आत, मी तात्यांना फोन करणार आहे.