एकतीस प्रमाणपत्रांचा वेल्डर

कारखान्यात त्याला सगळे 'डॉक्टर' म्हणत. त्याने आयुष्यात कुणाची नाडी पाहिली नव्हती. पंधरा वर्षं तो पाण्याच्या टाक्यांना वेल्डिंग करत होता. पण एका माणसाकडे एवढी प्रमाणपत्रं म्हटल्यावर नुसतं नावाने हाक मारणं बरं दिसत नव्हतं. त्यालाही ती हाक कौतुकाचीच वाटे.

प्रमाणपत्रं एकतीस होती. 'नेतृत्वगुणांचा विकास' हे चाळीस मिनिटांत मिळालेलं. 'वेळेचं नियोजन' त्याने कामावरच्या वेळात, टाकीच्या आड बसून, मोबाईलवर पूर्ण केलं होतं. 'आधुनिक वेल्डिंगची ओळख' यात तर शंभरपैकी शंभर होते. पर्याय चारच, आणि चुकलं तर पुन्हा दाबायची मुभा.

बायको दवाखान्यात परिचारिका. तिच्याकडे जीव वाचवण्याच्या प्रथमोपचारांचं एकच प्रमाणपत्र होतं. दर दोन वर्षांनी पुतळ्याची छाती दाबून ती ते पुन्हा मिळवायची.

"एवढंच?" तो दयेने विचारायचा.

"एवढंच मागतात," ती म्हणायची.

मग रसायनांच्या एका प्रकल्पात पाईपलाईनचं मोठं काम निघालं. ठेकेदाराचा निरीक्षक वेल्डर निवडायला कारखान्यात आला. डॉक्टरने इस्त्रीचा शर्ट घातला आणि काखेत फाईल मारली. निरीक्षकाने पानं उलटली. अगदी आदराने, लग्नाचा अल्बम बघावा तशी.

"छान. आता पाईपवरची परीक्षा कुठली दिली आहे ते दाखवा."

"हे काय, आधुनिक वेल्डिंग. शंभर टक्के."

"यात पाईप कुठे होता?"

"चित्रात होता."

निरीक्षक हसला नाही, हे जास्त लागलं. त्याने फाईल मिटली आणि शेजारच्या वेल्डरबाईंना बोलावलं. बाई चार वर्षांनी धाकट्या, कामापुरतं बोलणाऱ्या. त्यांनी पाकिटातून पाईपवरच्या परीक्षेचं एक मळकं कार्ड काढलं. निरीक्षकाने ते दोनदा वाचलं, चार टाके प्रत्यक्ष मारून घेतले आणि म्हणाला, "सोमवारपासून या."

दुपारी डॉक्टर घरी पोचला तो तोंड पाडूनच. जगाला गुणांची कदर नाही, यावर त्याने बरंच व्याख्यान दिलं. नेतृत्वगुण त्यात ओसंडून वाहत होते. बायकोने ऐकून घेतलं.

"हे एकतीस कोर्स करायला तुला कुणी सांगितलं होतं?"

"कुणी कशाला सांगायला हवं?"

"कामाला ठेवणाऱ्याने. त्यालाच विचार ना, कुठला कागद पाहून दार उघडतोस."

इतकी साधी गोष्ट एकाही प्रमाणपत्रात नव्हती. दुसऱ्या दिवशी मान खाली घालून तो वेल्डरबाईंकडे गेला.

"पंचेचाळीस अंशांत तिरका बांधलेला पाईप," बाई म्हणाल्या. "तो फिरवायचा नाही, आपणच त्याच्याभोवती फिरायचं. ती परीक्षा दे. आणि क्लासवाल्याला आधी विचार, रोज हातात मशीन किती तास, आणि परीक्षा घेणारा बाहेरचा की घरचा."

त्याने दोन क्लास पाहिले. पहिल्यात गारेगार खोली, गुळगुळीत माहितीपुस्तक आणि पदवीदानाची काळी टोपी घालून फोटोची सोय. मशीन किती तास विचारल्यावर तिथली बाई म्हणाली, "आमच्याकडे व्हिडिओ आहेत." दुसरा क्लास पत्र्याच्या शेडमध्ये. बसायला खुर्ची नाही, पण कोपऱ्यात कापलेल्या पाईपांचा ढीग छातीएवढा. फोटोच्या टोपीसाठी एकदा हळहळून डॉक्टरने शेड निवडली.

तीन महिने रोज पाळी संपल्यावर तो तिथे पाईपाखाली मान वाकडी करून बसला. पहिल्या परीक्षेला बाहेरून आलेल्या परीक्षकाने त्याच्या जोडातून पट्ट्या कापल्या आणि यंत्रात घालून घोड्याच्या नालेसारख्या वाकवल्या. एक पट्टी आतल्या बाजूने तडकली, चांगली पाच मिलिमीटर.

"मुळाशी धातू एकजीव झालेला नाही," परीक्षक म्हणाला. "तीनपेक्षा जास्त चालत नाही."

"पुन्हा दाबायची मुभा?" डॉक्टरच्या तोंडून निघून गेलं.

"पुन्हा शिकायची आहे."

आणखी पाच आठवडे गेले. दुसऱ्या वेळी सगळ्या पट्ट्या निमूट वाकल्या. मिळालेलं कार्ड तळहाताएवढं होतं. त्यावर ना सोनेरी नक्षी, ना 'अभिनंदन'. एक फोटो, वेल्डिंगची पद्धत, पाईपची जाडी, तो बांधल्याची स्थिती आणि तारीख, बस्स. वर परीक्षकाने बजावलं, "सहा महिने ही पद्धत वापरली नाहीस तर हे कार्ड बाद."

घरी बायकोने कार्ड उलटसुलट करून पाहिलं.

"फोटोत तोंड असं का केलंय?"

"मान आखडली होती," तो म्हणाला.

महिन्याभराने प्रकल्पाच्या दुसऱ्या टप्प्यात त्याला घेतलं. तिथे त्याच्या प्रत्येक जोडाचा एक्स-रे निघतो. पहिल्या आठवड्यात दोन जोड कापून पुन्हा करावे लागले, आणि ते कुठे चुकले हे दाखवायला वेल्डरबाई मचाण चढून वर आल्या. बाईंनी नेतृत्वाचा कोर्स केलेला नव्हता, हे त्याच्या लक्षात आलं. पण त्या दिवशी ते बोलून दाखवण्याइतका तो 'शिकलेला' राहिला नव्हता.