पहिल्या महिन्याच्या स्लाइड

माझ्या धाकट्या बहिणीचा जर्मनीतला पहिला महिना मी तळेगावात बसून तयार केला. ती तिथं तो नुसता जगली.

हे थोडं कुचकं वाटेल. वाटू दे. परदेशी शिक्षणासाठी मुलांना मार्गदर्शन करणाऱ्या एका लहानशा ऑफिसात मी सोशल मीडियाचं काम करते. खाली झेरॉक्सचं दुकान, वर आम्ही. सकाळी कान्ह्याहून लोकल पकडायची, तळेगावला उतरायचं आणि दिवसभर दुसऱ्यांच्या जाण्याच्या पोस्ट बनवायच्या. बोटानं एकेक पान सरकवत बघायची पोस्ट असते ना, तिला कॅरोसेल म्हणतात. माझा हात त्यात चांगला बसलाय. ऑफिसच्या मॅडमनी ठरवलं की मराठी मुलांसाठी ‘परदेशात पहिला महिना : काय काय करायचं’ असा एक कॅरोसेल हवा, आणि त्यात विकतचे हसरे गोरे चेहरे नकोत, आपलं माणूस हवं. मग माझ्याकडे बघून त्या म्हणाल्या, तुझी बहीण चाललीच आहे की.

चाललीच होती. जायला मी निघाले होते त्याला तेव्हा काही वर्षं झाली होती. जर्मन मी शिकले, आठवड्यातून तीनदा पुण्याला जाऊन. कागदपत्रं खरी असल्याचं व्हिसासाठी लागतं ते प्रमाणपत्रही मी काढलं. विद्यापीठांनी मात्र नाही म्हटलं, एकानं सभ्य भाषेत, दुसऱ्यानं त्याहून सभ्य भाषेत. माझे पदवीचे गुण त्यांच्या मापात कमी भरले. घरच्यांनी अडवलं असतं तर रागवायला कुणीतरी मिळालं असतं. इथं कुणी अडवलंच नाही. मग बहिणीची वेळ आली तेव्हा अर्ज कसा लिहायचा, कुठलं पत्र आधी जोडायचं, व्हिसाच्या मुलाखतीला काय बोलायचं, सगळं मी शिकवलं. तिचं झालं. पेढे मीच आणले आणि मीच वाटले.

तर स्लाइड. क्रम मला तोंडपाठ होता, कारण तो मी स्वतःसाठी जमवला होता. आधी राहत्या पत्त्याची सरकारी नोंदणी, खोलीत शिरल्यापासून दोन आठवड्यांच्या आत. त्यासाठी घरमालकाच्या सहीचा कागद. मग बँकेत चालू खातं. व्हिसासाठी इथूनच एका बंद खात्यात वर्षभराचे पैसे भरून ठेवावे लागतात, ते महिन्याला थोडे थोडे सुटून या चालू खात्यात येतात. आरोग्य विमा, विद्यापीठातली नावनोंदणी, सिमकार्ड. व्हिसा संपायच्या आत राहण्याच्या परवान्यासाठी वेळ मागून ठेवणं. रविवारी दुकानं बंद असतात, म्हणून शनिवारीच भाजी. रिकाम्या बाटल्या फेकायच्या नाहीत, दुकानातल्या मशीनमध्ये घालायच्या, बाटलीमागे घेतलेली अनामत परत मिळते. प्रत्येक स्लाइडला वर चौकोन, चौकोनात हिरवी खूण, आणि खाली माझ्या बहिणीचा फोटो.

ती फोटो पाठवायची. नोंदणीच्या ऑफिसाबाहेर कागद हातात धरून. लालबुंद पानांच्या झाडाखाली. बाटल्यांच्या मशीनपुढे, तोंडभर हसत, जणू ते मशीन हिनंच बसवलंय. मी तिचे फोटो कापायचे, चेहरा मधोमध आणायचे, उजेड वाढवायचे. तिचा जाड राखाडी कोट मी स्वतः कधीतरी एका साइटवर निवडून ठेवला होता, तोच तिनं घेतला. विचारलं तर म्हणाली, तुझीच आवड चांगली आहे म्हणून. यावर भांडायचं तरी कसं?

आईला मी तयार स्लाइड दाखवायचे. ती त्या विहारात बायांना दाखवायची, रविवारी वंदना झाली की. एकदा बोट सरकवायचं तिला नीट जमेना, तेव्हा शेजारच्या मावशींनी विचारलं की हे एवढं छान कुणी बनवलंय. आई म्हणाली, “ती ऑफिसवाली बनवत्यात. माझी ल्येक हाय ना फोटूत.” ऑफिसवाली मीच, तिच्या शेजारी उभी होते. घरी येईस्तोवर मी तिच्याशी बोलले नाही. तिला ते कळलंसुद्धा नाही.

महिना सरत आला. एक स्लाइड सोडून सगळ्यांना खरी हिरवी खूण होती. बँकेच्या स्लाइडला मी ती आधीच देऊन टाकली होती, कारण खातं उघडलं होतं. पण खातं उघडणं म्हणजे कार्ड हातात येणं नव्हे. तिथं कार्ड टपालानं येतं, त्याचा पिन वेगळ्या पाकिटात, आणि फोनवरून खातं चालवण्याचा कोडही टपालानंच. तिच्या वर्गातल्या मुलांची पाकिटं कधीच आली होती. हिची येईनात. बंद खात्यातले पैसे सुटून बँकेत जमा झाले होते, पण तिथून काढता येत नव्हते. इथून नेलेली रोकड संपत आली होती. ती भात आणि दही खाऊन राहत होती आणि व्हिडिओ कॉलवर आईला सांगत होती की मी जाड झालेय.

मला तिनं खरं सांगितलं. आणि मी खरं सांगते, पहिल्यांदा मला बरं वाटलं. थोडंच, पण वाटलं. म्हटलं, चला, हिचंही काहीतरी अडलं. मग लगेच त्याची लाज वाटली, कारण भाडं द्यायची वेळ आली होती आणि तिचा आवाज लहानपणी ताप चढल्यावर व्हायचा तसा झाला होता.

बँकेत जाऊन विचार, म्हटलं. ती गेली. खिडकीवरच्या बाईनं संगणकात बघून सांगितलं की पाकिटं पाठवली होती, परत आली. त्या पत्त्यावर या नावाचं कुणी सापडलं नाही. बहिणीनं मला दुपारी ऑफिसात फोन केला. पत्ता बरोबर आहे ताई, शंभरदा बघितला, ती सारखं तेच म्हणत होती. मी तिला भाडेकरारावरून पत्ता मोठ्यानं वाचायला लावला. रस्ता, इमारतीचा क्रमांक, गावाचा पिनकोड. संपलं. मजला नाही, खोली नाही.

“मग टपालवाल्याला कसं कळतं की तुझी खोली कुठली?” मी विचारलं.

खाली पेट्या असतात, म्हणाली. पेटीवर नावं असतात. तिच्या खोलीत आणखी दोन मुली भागीदार, त्यांची आडनावं पेटीवर आहेत.

“तुझं?”

“माझं कसं असेल? भाड्याची खोली आहे ना ताई.”

मला पुढं विचारावं लागलं नाही. मीसुद्धा हेच म्हणाले असते.

वडील देहूरोडला लष्करी डेपोत होते आणि आम्ही लहानपणी बऱ्याच भाड्याच्या खोल्या फिरलो. दारावर पाटी लावायची नाही हा त्यांचा नियम. आम्ही बौद्ध. आडनाव वाचलं की लोक पुढचं आपापलं ठरवून टाकतात. एका गल्लीत सगळं गोडीगुलाबीत चाललं होतं. टपालवाल्यानं दारात उभं राहून आमचं आडनाव मोठ्यानं पुकारलं, आणि समोरच्या काकूंची पोरं दुसऱ्या दिवसापासून आमच्याकडे खेळायला यायची बंद झाली. त्यानंतर आमची पत्रं वडिलांच्या डेपोच्या पत्त्यावर यायला लागली. आई म्हणायची, दुसऱ्याच्या भिताडावर आपलं नाव कशाला. आम्हा दोघींना हे कुणी शिकवलं असं नाही. चपला बाहेर काढतात तसं ते अंगवळणी पडलं.

आणि माझ्या यादीत ते कुठंच नव्हतं. ज्या ज्या ठिकाणांहून मी माहिती गोळा केली, तिथं कुणी ते लिहिलेलंच नव्हतं, कारण तिथल्या माणसाला पेटीवर नाव लावायला सांगावं लागत नाही. इतकी वर्षं मी त्या महिन्याची तयारी करत होते. गेले असते, तर मीही पाकिटांची वाट बघत भात आणि दही खात बसले असते.

तिला म्हटलं, आत्ता खाली जा आणि नाव लाव. ती घुटमळली. त्या दोघींना विचारू का, मालकाला आवडेल का, पूर्ण आडनाव लिहायचं का नुसतं पहिलं अक्षर. मी म्हटलं, “पूर्ण लिही. मोठं लिही.” माझा आवाज जरा चढला असावा, कारण मॅडमनी मान वर करून बघितलं.

तिनं दोघींना विचारलंच. त्या हसल्या म्हणे, अजून लावलं नव्हतंस का म्हणाल्या आणि त्यांनीच चिकटपट्टी दिली. बँकेनं पाकिटं पुन्हा पाठवली आणि एकेक करून ती आली. आधी कोड, मग कार्ड, मग पिन. तिनं भाडं भरलं आणि त्या दिवशी बाहेर जाऊन पोटभर जेवली. त्याचाही फोटो आला. बटाटे होते.

मी मॅडमना म्हटलं, कॅरोसेलमध्ये एक स्लाइड वाढवायला हवी, बँकेच्या आधी. त्यांना पटलं. बहिणीला पेटीचा फोटो मागितला आणि तिनं लगेच पाठवला. राखाडी पत्र्याच्या पेट्यांची रांग. तिच्या पेटीवर छापील दोन आडनावं, आणि त्यांच्याखाली पांढऱ्या कागदाच्या पट्टीवर निळ्या पेनानं, तिच्या त्या गोल अक्षरात, तिसरं. तिचं पाळण्यातलं नाव नव्हतं. तिथं लागत नाही. नुसतं आडनाव.

ते माझंही आहे. फोटो मोठा करून मी बराच वेळ बघत बसले. त्या देशात, त्या रस्त्यावर, लोक येताजाता बघतील अशा जागी ते लागलं होतं, आणि कुणी काही ठरवत नव्हतं. टपालवाला यायचा, वाचायचा, पाकीट टाकायचा, जायचा. तिथं नाव लावायला मी जाणार होते. कोटाचा नाही, झाडांचा नाही, त्या बोटभर कागदाच्या पट्टीचा मला इतका हेवा वाटला की डोळे भरून आले.

मॅडम मागे येऊन उभ्या राहिल्या. फोटो झकास आहे म्हणाल्या, फक्त नावं पुसून घे, सगळ्यांसमोर जाणार, कुणाचं आडनाव दिसायला नको. बरोबरच होतं ते. नियमच आहे आमचा.

मी आधीची दोन आडनावं धूसर केली. मग तिसऱ्यावर बोट ठेवलं आणि घासत राहिले, एकही अक्षर ओळखू येईना तोवर. खाली ठळक अक्षरात लिहिलं : इथे आपलं नाव लावा.