अप्पांची तक्रारवही

बेकऱ्यांना स्वच्छतेचा सल्ला देणाऱ्या बाईंनी दुसऱ्यांच्या भट्ट्यांतली झुरळं शोधली, पण स्वतःच्या कराच्या विवरणपत्रातलं दिसलं नाही. घरातली कामाची खोली, मोबाईल, इंटरनेट, सगळं शंभर टक्के धंद्याचा खर्च म्हणून लावलं. आली की नोटीस! आधार दाखवा, नाहीतर सगळा खर्च नामंजूर. तसं झालं तर वाढलेला कर भरायला पुन्हा बिस्किटांच्या कारखान्यात नोकरी धरायची, म्हणजे तीन वर्षांच्या धडपडीवर पाणी.

मोबाईलची बिलं निघाली. तीन महिन्यांचे कॉल मोजले, शंभरातले साठ बेकरीवाल्यांचे, बाकीचे नणंदेचे. इंटरनेटवर तर घरभर सिनेमे चालतात, तिथं चाळीसच्या वर म्हणायला जीभ रेटेना. खोली सहाशे चौरस फुटांतली नव्वद, म्हणजे पंधरा टक्के भाडं. पण तिथं रोज काम चालतं हे सांगणार कोण?

"मी सांगतो," सासरे म्हणाले आणि वही पुढे केली. "तुझ्या नवऱ्याला दाखवायला लिहीत होतो."

बाईंनी वाचलं. ‘सोमवार, सकाळी नऊ. सूनबाईंचा फोन सुरू. मला टीव्ही बंद करायला लावला.’ ‘संध्याकाळी सात. अजून आत. चहा स्वतः केला.’ वर्षभर रोजची तक्रार! बाईंना आधी राग आला, मग हसूच फुटलं. पण मधेच होतं, ‘दोन ते चार, खोलीत माझी झोप.’ तीही रोजचीच.

"ती पानं फाडू का?" सासऱ्यांनी हळूच विचारलं.

"नको अप्पा. भट्टीवाला असं करायला लागला तर मीच त्याचे कान धरते."

कर कार्यालयात अधिकारी बाईंनी वही वाचली, चहाच्या ओळीपाशी खुदकन हसल्या आणि हिशोब मांडला. खोलीच्या वापराचे दहा तास, त्यातले दोन झोपेचे, म्हणून भाड्याच्या पंधरा टक्क्यांऐवजी बारा. मोबाईल साठ, इंटरनेट चाळीस. "आधार पटण्यासारखा आहे. फरक आणि थोडं व्याज भरा, दंड नाही. पुढच्या वर्षीही हीच पद्धत ठेवा. वापर बदलला तरच आकडा बदला."

फरक महिन्याभराच्या कमाईत भागणार होता. जीव भांड्यात पडला. नोकरी टळली!

घरी आल्यावर बाईंनी सगळं सांगितलं. अप्पा ऐकत होते. मग म्हणाले, "म्हणजे माझ्या झोपेनं तुझे तीन टक्के खाल्ले?"

"खाऊ द्या हो. घर आहे ते."

दुसऱ्या दिवशी दुपारी दोन वाजता बाई खोलीत फोनवर होत्या. बाहेर काहीतरी सरकल्याचा आवाज आला म्हणून दार उघडलं, तर अप्पांनी हॉलमध्ये टीव्हीसमोर खाट लावलेली, आणि टीव्ही बंद.

"दार लाव, सूनबाई," ते कुशीवर वळत म्हणाले, "कामाच्या वेळी बाहेर काय करतेस?"