सहाव्या दिवसाचा आकडा

जिल्ह्याच्या दवाखान्यात मी रक्त तपासायचे. लोहाऱ्याच्या एका शिंपीमामूंना हृदयविकाराचा झटका आला होता. सहाव्या दिवशी त्यांचं कोलेस्टेरॉल चक्क कमी निघालं. मी आनंदानं खाटेपाशी जाऊन सांगून टाकलं.

"म्हंजी मटण चालतंय!" मामू खूश झाले.

डॉक्टरांनी मला बाजूला घेतलं. "झटक्यानंतर किंवा मोठ्या आजारात ते काही आठवडे उतरतं. हा आकडा खरा धरू नका. पथ्य आत्तापासूनच, तीन महिन्यांनी पुन्हा तपासू."

मी ओशाळून मामूंना तसं सांगितलं.

तीन महिन्यांनी मामू स्टँडवरून चालत आले. आकडा बराच चढलेला. मी भीतभीतच सांगितला, तर ते खळखळून हसले.

"खरं तरी कळलं, बेटी! आता थेंबभरबी तेल न्हाय. पन चालत आलो, ते बघ की!"

मलाही हसू आवरेना.