ताईचं ‘जमलं तर’

वारासिवनीच्या माझ्या ताईने मुलीच्या साखरपुड्याच्या कामांची लांबलचक व्हॉइस नोट पाठवली. साखरपुडा आमच्या बालाघाटात होता. बायकोने ते सगळं बोलणं मोबाइलकडून लिहून घेतलं आणि त्यालाच यादी करायला सांगितली. क्षणात चार ओळी हजर. हॉल आणि फुलं ‘तातडीचं’, मिठाई ‘नंतर’, आणि तळाशी ‘जमल्यास: लामत्याहून जाऊबाईंना आणणे’.

यादी इतकी सुबक होती की मला संशयच आला.

"तुमाले मशीनवर भरोसा नाही," बायको म्हणाली.

"मशीनवर आहे. ताईवर नाही."

मी मूळ मजकूर वाचला. फुलांना ताई पुन्हा पुन्हा ‘सगळ्यात महत्त्वाचं’ म्हणाली होती. ती चहातल्या साखरेलाही तेच म्हणते. शेवटी मात्र एकच वाक्य होतं: "आन् जमलं तं लामत्याहून जाऊबाईले घेऊन ये, नाही तं राहू दे." ताई आणि तिच्या या जाऊबाई, दोघींचं बोलणं कधीपासून बंद होतं. ताईला जे मनापासून हवं असतं, ते ती नेहमी ‘जमलं तर’ म्हणूनच मागते.

ते काम मी सगळ्यात वर नेलं आणि सकाळीच लामता गाठलं.

"तिनं पाठवलं तुमाले?" जाऊबाईंनी डोळे बारीक केले. "काय म्हणाली?"

"सगळ्यात आधी तुमाले आणा म्हणे."

"ती असं बोलतच नाही."

मी मोबाइल काढून ते शेवटचं वाक्य ऐकवलं. ‘जमलं तं’ कानावर पडताच त्या लुगडं बदलायला आत गेल्या.