जाऊबाईला हाक ऐकू येईना

आमचं घर पोशेऱ्याला. जव्हारला राजेसाहेबांचा अंमल होता त्या काळातली ही गोष्ट. मी नि माझी मोठी जाऊ एकाच चुलीवर भाकऱ्या थापायचो. लग्नात गाणं उचलायचं तर तिनंच.

तिचं ऐकणं कधी कमी झालं, ते कळलंच नाही. पुरुषांचं जाड बोलणं तिला समजे, बायकापोरांचं बारीक नाही. घरात सगळे म्हणत, "हिला हवं तेवढंच ऐकू येतं." चारजणी एकदम बोलल्या की ती गोंधळायची, सगळ्या हसल्या की मागाहून हसायची. पुढं तिचं खोडाळ्याच्या बाजाराला जाणं सुटलं, मग लग्नांना जाणंही. आम्ही कुजबुजलो की तिला वाटे, आपल्यालाच हसतात. "कानांत रातकिडे ओरडतात," म्हणायची. केसांना तेल लावणं थांबलं. नागलीची भाकरी ताटात तशीच राही. पहाटे उठून बघावं, तर ही भिंतीकडं तोंड करून जागीच.

एक दिवस तिनं हातातली चांदीची कडी काढून माझ्यापुढं ठेवली. "तुझ्या पोरीला दे. माझं आता काय काम?"

मी कडी परत तिच्या हातात घातली नि दिवसभर तिच्यावर नजर ठेवली. दुसऱ्या दिवशी पाणी घेऊन आले, तर घरात ती नव्हती.

मी ओढ्याकडं धावले. "बाई! ओ बाई!" घसा फाटेस्तोवर ओरडत होते. आणि मध्येच थांबले. ओरडतेय कुणाला मी? तिला ऐकू कुठं येणार?

ती डोहाच्या काठावर बसली होती. मागून हात लावला तर दचकेल, म्हणून लांबून वळसा घालून तिच्या समोर आले. तिनं मला पाहिलं. मी जवळ बसले, तिच्या तोंडाकडं बघत सावकाश विचारलं, "बाई, जीव द्यायला आलात?"

ती माझ्या ओठांकडं बघत राहिली. मग म्हणाली, "होय गं. सगळ्यांत असून मी कुणातच नाही."

तिचा हात धरून घरी आणलं. घरात सगळ्यांना सांगितलं, लपवलं नाही. त्यानंतर तिला एकटी सोडली नाही. थोरल्या दिरांनी, तिच्या नवऱ्यानं, तिला जव्हारच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी कान तपासले. "मळ नाही, ऐकणंच गेलंय. परत येईल असं वाटत नाही. ओरडू नका, समोर बसून, उजेडात, एकेकानं बोला. आणि ती मरणाचं बोलली तर मनावर घ्या."

तसंच करू लागलो. काही दिवस ती नुसतीच बघायची. भात लावणीला मी तिला माझ्यासमोर उभी करायची, बोलायचं झालं की मान वर करून बोलायची. हळूहळू ती जेवू लागली. कधीतरी स्वतःहून विचारू लागली, "काय म्हणाली ती?"

ऐकणं मात्र आलं नाही. ती पुढं पुष्कळ वर्षं जगली. पण एखाद्या दिवशी ती गप्प दिसली, की हातातलं काम टाकून मी आधी तिच्यासमोर जाऊन बसायची.