राखीव वेळ कुणाचा

मी खेड्यातल्या बायकांना शेळ्यांची निगा शिकवते. लसीकरण कसं करायचं, जंताचं औषध किती पाजायचं, आजारी शेळी कळपातून कधी वेगळी काढायची, असलं सगळं. पशुवैद्यकीय खात्यात पर्यवेक्षक होते, आता निवृत्तीनंतर एका संस्थेसाठी हेच करते. स्वभाव तापट आहे हे घरचे सांगतात. मी म्हणते, तुम्ही एकदा माझ्या कार्यशाळेचं वेळापत्रक करून बघा, मग बोला.

कोरेगावची ती दोन दिवसांची कार्यशाळा माझ्या अजून डोक्यात आहे. वेळापत्रक मी जीव ओतून केलं होतं. पहिल्या दिवशी आजारांची ओळख, चहा, लस थंड कशी ठेवायची, जेवण, मग मोसंबीवर सुई टोचण्याचा सराव. दुसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टरांसमोर खऱ्या शेळ्यांवर प्रात्यक्षिक, दुपारी गावाचं नियोजन आणि समारोप. दोन्ही दिवशी एकेक जागा मी मोकळी ठेवली आणि तिथे लिहिलं, 'राखीव वेळ'.

संस्थेच्या समन्वयकांनी कागद हातात घेतला आणि पहिलं बोट तिथेच ठेवलं. "मॅडम, इथे काहीच नाही?"

"आहे. कुठलं तरी सत्र लांबणार. ते तिथे जाणार."

"मग पाहुण्यांचा सत्कार इथे बसवू या."

मी म्हटलं, अहो, हा वेळ रिकामा नाही, भरलेलाच आहे, फक्त कशाने भरेल ते अजून ठरलेलं नाही. ते हसले. त्यांना मी विनोद केला असं वाटलं. शेवटी मी दोन्ही ठिकाणचं 'राखीव वेळ' खोडून 'उजळणी' लिहिलं. उजळणीला हात लावायला माणूस जरा कचरतो, एवढा माझा अनुभव होता.

पहिल्या दिवशी सकाळी हॉलवर पोचले तर पायरीवर म्हसवडकडच्या दोघी बसलेल्या. त्यांच्याकडून येणारी सोयीची एसटी एकच, म्हणून त्या सगळ्यांच्या आधी पोचल्या होत्या. कोरेगाव, फलटणच्या बायका मात्र सावकाश आल्या. त्यांचंही खोटं नव्हतं; कुणाच्या शेतात त्याच दिवशी ऊसतोडीची टोळी आली होती. पण त्यांची वाट बघण्यात उजळणी चहाच्या आधीच संपली. मोसंबीचा सराव आला तेव्हा संध्याकाळ टेकली होती. जवळच्या बायकांना अंधाराच्या आत घर गाठायचं होतं, म्हणून त्यांना आधी सुई दिली. म्हसवडच्या दोघी मुक्कामाला होत्या. त्यांना मी म्हटलं, "तुमचं उद्या थेट शेळीवर करू."

त्यातली धाकटी बोलली. "ताई, उद्या नक्की ना? आमच्या वाडीत गेल्या साली शेरडं मेली वो लय. सुई मारायला कुणी न्हाई. परवा आमच्याकडं लस हाय, डॉक्टर म्हणत्यात तू हाताखाली ऱ्हा. मी तर सुई धरलीबी न्हाई कवा."

"नक्की," मी म्हणाले. आपण किती सहज म्हणतो.

दुसऱ्या दिवशी दहाच्या आधीच जवळचा एक धनगर आपली शेरडं घेऊन दारात उभा. डॉक्टर बर्फाच्या डब्यात लसीच्या दोन बाटल्या घेऊन हजर. ही लस पावडर असते. द्रावणात मिसळली की बर्फावरसुद्धा दोनेक तासच टिकते, नंतर टाकूनच द्यावी लागते. सगळं जागेवर होतं. तेवढ्यात समन्वयक आले. "मॅडम, पहिली लस पाहुण्यांच्या हस्ते द्यायची. फोटो हवाय. ते निघालेत."

"बायकांना सुरू करू दे. पाहुण्यांसाठी एक शेळी ठेवू."

"मग ती पहिली कशी होईल?"

डॉक्टरांना त्यांनी बाटली मिसळून ठेवायला लावली, म्हणजे पाहुणे आले की खोळंबा नको. आम्ही थांबलो. मी उजळणी घेतली, मग उजळणीची उजळणी घेतली. उन्हं चढली. शेरडं ओरडायला लागली. बाराच्या पुढे काटा गेला तेव्हा डॉक्टरांनी मिसळलेली बाटली मुकाट्याने बाजूला काढली. धनगरानंही काठी उचलली.

"आवं बाई, जनावर उपाशी हाय सकाळधरनं. मी वढ्याकडं जातू."

त्याला अडवायचं तोंड मला नव्हतं. संताप मात्र असा आला की चहाचा पेला आपटावा.

पाहुणे जेवणाच्या वेळी आले. शेळी नव्हती, म्हणून हातात सिरिंज घेऊन बर्फाच्या डब्यापाशी फोटो झाला. जेवणानंतर भाषण सुरू झालं, ते स्वतःच्या लहानपणापासून. नियोजनाचं सत्र त्यात बुडालं. समारोप चारला होता आणि म्हसवडच्या दोघींना चारलाच स्टँड गाठायचं होतं. धाकटी मागच्या खुर्चीवर पिशवी मांडीवर घेऊन बसली होती. तिने माझ्याकडे एकदा बघितलं आणि मान खाली घातली. ओरडली असती तर बरं झालं असतं.

मी उठले. डॉक्टरांच्या खांद्याला हात लावला. म्हटलं, डबा घ्या. मग त्या दोघींना खुणावलं. भाषण चालू असताना आम्ही चौघं मागच्या दाराने बाहेर पडलो. समन्वयकांचे डोळे माझ्या पाठीवर होते, असू देत.

ओढ्याकाठी बाभळीच्या सावलीत शेरडं भेटली. धनगर म्हणाला, "आता टोचा निवांत. प्वाट भरल्यात." डॉक्टरांनी दुसरी बाटली तिथेच मिसळली. धाकटीने मानेवरची कातडी चिमटीत धरली आणि सुई घातली. ती आरपार गेली. लस डॉक्टरांच्या बोटांवर सांडली.

"गेली वाया," ती रडवेली झाली.

"सगळ्यांची पहिली जाते," डॉक्टर म्हणाले. "सुई आडवी धर. घाई करू नको."

दुसरी बरोबर गेली. कातडीखाली बारीक फुगवटा आला, तो तिने अंगठ्याने हळूच चोळला. मग थोरलीने केलं. मग दोघींनी आळीपाळीने सगळा कळप उरकला. धाकटी शेवटी डॉक्टरांनी सांगायच्या आत सुई आडवी करत होती. मी घड्याळाकडे बघत होते आणि त्या दिवसात पहिल्यांदा मला बरं वाटत होतं. तिथूनच त्या परस्पर स्टँडकडे पळाल्या.

आम्ही परतलो तेव्हा हॉलमध्ये प्रमाणपत्रं वाटून झाली होती. ज्यांनी शेळीला हातही लावला नव्हता, त्या सगळ्यांच्या हातात गुंडाळी होती. त्या बिचाऱ्यांचा तरी काय दोष. मी समन्वयकांना सांगितलं, त्यांच्यासाठी पुन्हा एक सकाळ द्या. ते म्हणाले, कार्यशाळा तर झाली.

आठवड्याने अहवाल आला. सिरिंजचा फोटो मुखपृष्ठावर. 'सर्व सत्रे नियोजित वेळेत पार पडली.' शेवटी प्रशिक्षित महिलांची यादी होती. त्यात म्हसवडच्या दोघी नव्हत्या. त्यांची नावं यादीखाली वेगळी होती, पुढे शेरा: 'समारोपास अनुपस्थित, सबब अप्रशिक्षित.'

मी फोन लावला, भांडले. समन्वयक शांतपणे म्हणाले, "मॅडम, ओढ्यावरचं ते वेळापत्रकात कुठे होतं?"